एकच पाकीट

"पाटील, ह्याची दोन पाकिटं करायची की एकच?" पोतदारांनी चष्म्यावरून बघत विचारलं. विचारलं आण्णांना, पण आण्णांनी माझ्याकडं बघितलं, म्हणून त्यांनीही मान माझ्याकडं वळवली.

दोन हजार एक सालचा जुलै. मी एकवीस वर्षांची, पुण्याला फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला. वडिलांना मी आण्णा म्हणायची. ते आमच्या शिरोळकडच्या गावात जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. म्हशींच्या जखमा धुणं, बैलांची शिंगं कापणं, डॉक्टर नसले की इंजेक्शनसुद्धा देणं. पहिल्या तीन वर्षांची फी त्यांनी फंडातून काढून भरली. चौथ्या वर्षाला फंड संपला, आणि त्यांनी मला कळवलं की नदीकाठचं वीस गुंठे मगदुमाला देतोय. तो वीटभट्टीसाठी नव्वद हजार द्यायला तयार आहे.

ते पोस्टकार्ड वाचून मी होस्टेलच्या खोलीत चार पानी पत्र लिहिलं होतं. आधी कच्चं, मग पक्कं. त्यातला बराच मजकूर मला अजून पाठ आहे.

"आण्णा, जमीन एकदा गेली की गेली. तीच जमीन परत घ्यायची म्हटली तर पाच वर्षांनी दुप्पट पैसे लागतील आणि मगदूम ती विटांच्या मातीसाठी खणून ठेवील ते वेगळंच. सोन्याचं तसं नाही. आज्जीचे दागिने ट्रंकेत नुसते पडून आहेत. आज्जी चौदा तोळे म्हणायची. आपण तेरा धरू. आज तोळ्याला चव्वेचाळीसशे भाव आहे. बँक पाऊण किमतीइतकं कर्ज देते. म्हणजे चाळीस हजारांच्या पुढं जाईल. फी बत्तीस हजार. वर्षभर वापरा, व्याज चौदा टक्के, मी नोकरीला लागले की पहिल्या पगारापासून फेडते. दागिना जसाच्या तसा घरी येतो…"

हे सगळं मी मैत्रिणीच्या भावाला विचारून लिहिलं होतं. तो बँकेत होता.

आण्णांचं उत्तर आलं ते एका ओळीचं. "तुझं पत्र पोचलं. शनिवारी ये."

तर आम्ही तालुक्याच्या सहकारी बँकेत बसलो होतो. पोतदार हे बँकेचे सराफ. कोपऱ्यात त्यांचं बुटकं टेबल, त्यावर काचेच्या पेटीतला तराजू, काळा कसोटीचा दगड आणि बुचाच्या दोन बाटल्या. आण्णांनी पंच्यात गुंडाळलेले दागिने सोडले: पुतळ्यांची माळ, पाटल्यांची जोडी, बोरमाळ आणि ठुशी. पोतदारांनी एकेक दागिना दगडावर घासला. पिवळी रेघ उमटली की तिच्यावर काडीनं ॲसिडचा थेंब सोडायचे आणि रेघ किती टिकते ते बघायचे. पुतळ्यांना त्यांनी मान डोलावली. बोरमाळेचा एक मणी नखानं दाबून बघितला.

"आत लाख आहे," ते म्हणाले. "पाटल्यांतपण आहे थोडी. आणि जुन्या माणसांच्या सोन्याचा कस जरा कमीच, वीस कॅरेटच्या आसपास."

एकूण वजन भरलं एकशे एकतीस ग्रॅम. लाख, दोरा आणि ठुशीचे खडे मिळून त्यांनी सतरा ग्रॅम वजा केले. उरले एकशे चौदा. त्यांच्या तक्त्याप्रमाणं ग्रॅमला तीनशे रुपये. कर्ज बसत होतं चौतीस हजार.

माझ्या चार पानांतले सहा हजार लाखेत गेले होते. पण फी भागत होती. मला बरंच वाटलं.

तेव्हाच पोतदारांनी तो प्रश्न विचारला. मी म्हटलं, "फरक काय पडतो?"

"एक पाकीट म्हणजे एक खातं. दोन केली तर दोन खाती, दोन पावत्या. दर पाकिटामागं माझी फी शंभर रुपये, ती कर्जातनं कापतात."

"मग एकच करा," मी म्हटलं.

आण्णा काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलं त्यांनी, आणि मिटलं.

मग फॉर्म आला. त्यात छापलेलं होतं की वरील दागिने माझ्या स्वतःच्या मालकीचे असून त्यांवर इतर कोणाचाही हक्क नाही. आण्णांनी ते दोनदा वाचलं. कारकून म्हणाला, "पाटील, खाली करा सही." आण्णांनी शाईचं पेन झटकलं. झटकायची गरज नव्हती, पेन चालत होतं. मग त्यांनी सही केली. पोतदारांनी दागिने एका जाड कापडी पिशवीत घातले, तोंड दोऱ्यानं आवळलं, गाठीवर लाल लाखेचा ठसा मारला. आम्हा दोघांसमोर ते पाकीट तिजोरीच्या खोलीत गेलं.

आता सांगायला हवं, की त्या चार दागिन्यांतले दोन आमचे नव्हते.

आज्जी तीन वर्षांपूर्वी वारली. जायच्या आधी तिनं दोन्ही लेकरांना जवळ बोलावून वाटणी केली. बोरमाळ आणि ठुशी भूपालची, म्हणजे आण्णांची. पुतळ्यांची माळ आणि पाटल्या त्रिशलेच्या. त्रिशला म्हणजे माझी आत्ती, आण्णांची थोरली बहीण. ती विधवा, मूलबाळ नाही, इचलकरंजीला दिराच्या घरात राहायची. तेराव्याला तिनं आपला वाटा उचललाच नाही. म्हणाली, "तुझ्याकडंच असू दे भूपाल. त्या घरात गेलं की माझं राहणार न्हाई." आणि ट्रंकेला कुलूप लावताना आण्णांनी किल्ली तिच्या हातात ठेवली, तर तिनं ती माझ्या आईच्या हातात दिली होती.

हे मला ठाऊक होतं. मी तिथंच बसले होते त्या वेळी.

फी भरली गेली. वर्ष निम्मं सरलं. संक्रांतीला मी घरी आले, आणि करीच्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं आत्ती आली.

ती येताना नेहमी माझ्यासाठी काहीतरी आणायची. या वेळी राजगिऱ्याच्या वड्या होत्या. "राजी, वाळलीस बाई," म्हणाली. "माणसांचे हातपाय चोळायचं शिकतीस आणि स्वतःच्या अंगावर मूठभर मांस न्हाई." मग चहा झाला, आणि ती पदराशी खेळत आण्णांना म्हणाली, "भूपाल, मला माझं सोनं लागतंय."

आण्णांनी कप खाली ठेवला.

"काय झालं?"

"दिराच्या पोरांनी घराची वाटणी काढलीया. मला म्हणत्यात माडीवर जा, पत्र्याखाली. ह्या वयात मला जिना चढवत न्हाई." तिनं गुडघ्यावर हात ठेवला. तो गुडघा मला ठाऊक होता, सुट्टीत घरी आले की मी त्याला शेक द्यायची. "बस्तीच्या देवळामागं एक खोली निघालीया. एकच खोली, पण पाण्याचा नळ आत आहे. पस्तीस हजाराला देतोय. माझ्याकडं अकरा हजार हाईत. माळ आणि पाटल्या मोडल्या की बाकीचं होतंय, सोनाराला विचारलंय मी. शनवारपर्यंत थांबतो म्हणालाय."

त्या दिवशी मंगळवार होता.

आई आत गेली. शेवटी आण्णा म्हणाले, "आक्का, सोनं बँकेत आहे. राजीच्या फीसाठी ठेवलंय. तुझंपण."

मी जमिनीकडं बघत होते. मला वाटलं आता ती ओरडेल. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"शिक्षणालाच ना? मग बरं झालं. ट्रंकेत पडून काय अंडी घालणार होतं?" आणि आण्णांना म्हणाली, "माझं तेवढं सोडवून दे. तुझं राहू दे तिथं."

तिचा तो हात पाठीवर होता तोपर्यंत मला हलवेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बँकेत गेलो. रस्त्यात आण्णांनी हिशेब सांगितला. त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेतून वीस हजार लगेच मिळत होते, ते सेक्रेटरीशी सकाळीच बोलून आले होते. आत्तीच्या दागिन्यांवरचं कर्ज व्याजासकट वीस हजारांच्या आतच असेल. म्हणजे काम होणार होतं. आत्ती खूश होती. बँकेच्या पायऱ्या चढताना तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "खोलीला एक खिडकी आहे बघ. रस्त्यावर."

आण्णा काउंटरला गेले. जाताना कागदांची प्लास्टिकची पिशवी आत्तीकडं देऊन गेले; त्यातली पावती तेवढी काढून घेतली. आम्ही दोघी बाकावर बसलो.

काउंटरवरचं बोलणं ऐकू येत होतं.

"पाटील, एका खात्याचं पाकीट आहे हे. ते असं मधनं फोडता येत नाही."

"पण दागिने वेगवेगळे आहेत की. पावतीवर लिवलंय वजन."

"वजन लिहिलेलं असतंच. पण कर्ज एक आहे ना. पूर्ण भरा, छत्तीस हजार तीनशे ऐंशी होतात आजच्या तारखेला. पाकीट ताब्यात घ्या. मग हवं तर तुमचे दोन दागिने लगेच परत ठेवा, पंधरा हजार देतो. पण आधी पूर्ण भरावे लागतील."

पोतदार आपल्या टेबलावरून म्हणाले, "मी विचारलं होतं की तेव्हा. दोन करू का म्हणून. तुमच्या मुलीलाच विचारलं होतं."

आण्णांनी मागं वळून बघितलं नाही.

सोळा हजार चारशे कमी पडत होते, आणि तेही जेमतेम तासाभरासाठी. पाकीट हातात पडलं की त्यातले बहुतेक परत आले असते. पण तासाभरासाठी सोळा हजार देणारं माणूस आमच्या ओळखीत कुणी नव्हतं. मगदुमानं भट्टीसाठी ऑगस्टमध्येच दुसऱ्याची जमीन घेतली होती.

मी आत्तीला हे समजावून सांगायला तोंड वळवलं, तर ती वाचत होती.

पिशवीतले कागद तिनं मांडीवर काढले होते. फीची पावती, बँकेचं पासबुक, आणि माझं पत्र. आण्णांनी ते बँकेच्या कागदांबरोबरच ठेवलं होतं. आत्ती चौथी शिकलेली. एकेक अक्षर ओठांनी पुटपुटत वाचायची, बोट ओळीवर ठेवून. बोट तिसऱ्या पानावर होतं.

तिसऱ्या पानावर काय आहे ते मला चांगलं माहीत होतं. मी तिच्या हातातून पत्र घ्यायला हवं होतं. घेतलं नाही.

तिचं बोट थांबलं. मग तिनं ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली, या वेळी मला ऐकू येईल अशी.

"जमीन विकायची तर… सात-बारावर आत्तीचंही नाव आहे, तिची सही लागेल… आणि सही म्हटली की वाटा आला. सोन्याला फक्त… तुमची सही लागते. आत्तीला आत्ताच सांगायला नको."

तिचं वाचून झालं. मग विचारलं, "ही तूच लिवलीस?"

"आत्ती, मी तसं…"

"अक्षर चांगलं हाय तुझं."

तिनं चारी पानं घडीवर घडी घालून पिशवीत ठेवली, पासबुकाच्या आत, बाहेर दिसणार नाहीत अशी. आण्णा आले तेव्हा ती उठून उभी होती.

"आक्का, मी कुठनंतरी बघतो. उद्यापर्यंत…"

"नको भूपाल. राहू दे सोडवायचं." तिचा आवाज अगदी साधा होता. "खोलीचं काय, मिळंल दुसरी."

"अगं पण शनिवार…"

"राहू दे म्हटलं ना."

तिनं घरी यायलाही नकार दिला. एस.टी. स्टँडवर आण्णांनी तिला तिकिटाचे पैसे द्यायला खिशात हात घातला, तर तिनं आधीच कमरेच्या पिशवीतून सुटे काढून मुठीत धरले होते. गाडीत चढताना गुडघा धरला तिनं. मी हात पुढं केला. तिनं दांडा धरला.

गाडी गेल्यावर आण्णा स्टँडच्या कट्ट्यावर बसले. मी शेजारी उभी. ते म्हणाले, "आक्काच्या घराचं मला गेल्या उन्हाळ्यातच कळलं होतं. म्हणाली होती, भूपाल, मला आज न उद्या तिथनं निघावं लागणार. म्हणून तर मी जमीन काढली होती विकायला."

मला कळेना. "माझ्या फीसाठी ना?"

"तुझी फी काय, बत्तीस हजार. नव्वदातले पंचेचाळीस तिचे. सही तिची लागतीयाच, मग तिचे पैसे तिला सहीबरोबर हातात मिळाले असते, दिराच्या घरातल्या कुणाला बोलायला जागा राहिली नसती. तुझी फीपण भागली असती."

"मग मला सांगितलं का नाही तुम्ही?"

आण्णा नखं बघत होते. जनावरांच्या औषधानं कायमची पिवळी पडलेली नखं.

"तू एवढं नीट लिवलं होतंस," ते म्हणाले. "आकडे, व्याज, सगळं. मला वाटलं, पोरगी शिकलीया, आपल्याला काय कळतंय. आणि एक… आक्काच्या सहीची ती ओळ वाचली मी. वाचून मला वाईट वाटायला पायजे होतं. पण खरं सांगू का? मला जरा बरं वाटलं. म्हटलं, जमीन आपल्याकडंच राहील."

मी एकुलती एक. ती जमीन पुढं माझ्याकडं येणार होती. हे मी पत्रात लिहिलं नव्हतं, कुणाला कधी बोललेही नव्हते. पण ते चारी पानांच्या खाली होतं, आणि आण्णांना ते वाचता आलं होतं, आणि त्या बाकावर आत्तीलाही.

शनिवारी खोली दुसऱ्या कुणी घेतली. फेब्रुवारीत आत्तीनं दिराचं घर सोडलं आणि ती एका जैन श्राविकाश्रमात स्वयंपाकाला गेली. राहायला जागा, दोन वेळचं जेवण, वर थोडे पैसे. पत्ता तिनं आण्णांना कळवला नाही, आईला कळवला. आण्णांनी पतसंस्थेचे वीस हजार काढलेच नाहीत. जुलैमध्ये वर्ष भरलं तेव्हा चार हजार सातशे साठ व्याज भरून त्यांनी कर्ज नवं करून घेतलं, आणि त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत, एवढं आईनं मला फोनवर सांगितलं.

मला सांगलीला एका दवाखान्यात नोकरी लागली. पहिल्या पगारापासून साठवत गेले. अजून एक उन्हाळा गेला, मग पाकीट सुटलं. पोतदारांनी माझ्यासमोर लाखेचा ठसा फोडला आणि दागिने पावतीशी ताडून दिले. एक ग्रॅमही कमी नव्हतं. दरम्यान सोनं चढलं होतं. मी मनातल्या मनात आत्तीच्या वाट्याची किंमत काढली: आता ती तेहतीस हजारांपर्यंत गेली असती. बस्तीमागच्या खोल्या मात्र सत्तर हजारांवर गेल्या होत्या, ते मी आधीच चौकशी करून आले होते.

एका रविवारी माळ आणि पाटल्या घेऊन मी आश्रमात गेले. आण्णा आले नाहीत. "तूच जा," म्हणाले.

आत्ती कोठीघरात गहू निवडत होती. केस पांढरे झाले होते आणि चालताना गुडघा बाहेरच्या बाजूला वळत होता. माझ्या हातांना राहवेना, पण मी हात लावला नाही. मी रुमाल तिच्यासमोर सोडला. तिनं पुतळ्या एकेक करून मोजल्या. माझ्यासमोर मोजल्या, लपवून नाही, घाईनं नाही. मग पाटल्या मनगटात घालून बघितल्या. त्या सैल झाल्या होत्या. काढून परत रुमालात बांधल्या.

"बरोबर हाईत," ती म्हणाली.

"आत्ती, मी त्या वेळी…"

"नोकरी बरी आहे का?"

"आहे."

"मग झालं." तिनं सूप परत मांडीवर घेतलं. खडे काढायला लागली. "दिवस मावळायच्या आत जेवून घे. इथं नंतर जेवण न्हाई मिळत."

ती मला भोजनशाळेच्या दारापर्यंत घेऊन गेली. तिथं एक म्हातारे गृहस्थ वही घेऊन बसले होते. बाहेरून येणाऱ्याचं नाव त्यात लिहावं लागायचं. त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि शेवटचा रकाना भरायला आत्तीकडं बघितलं.

"तुमची कोण, त्रिशलाबाई?"

"गावाकडची हाय," आत्ती म्हणाली. "ओळखीची."

त्यांनी तसं लिहून घेतलं. आत्ती कोठीघराकडं परत गेली. मी आत जाऊन पंगतीत बसले, ताटात वाढलं ते सगळं संपवलं, कारण तिथं ताटात काही टाकायची पद्धत नव्हती.